डाग कुठे आहे

नानांच्या शेडनेटमधला फोटो आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. एप्रिलचा दुसरा आठवडा, दिवसभर अंग भाजून निघालं होतं. फोटोत क्रेटचा वरचा थर होता. हिरव्या ढोबळ्या, आणि त्यातल्या सात-आठ फळांवर बोटाच्या पेराएवढे फिकट, पिवळट-पांढरे चट्टे. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि अर्ध्या मिनिटात उत्तर लिहिलं: "उन्हाचा चटका आहे नाना. पश्चिमेकडून ऊन शिरतंय. वरून आणखी एक नेट टाका."

नानांनी लगेच विचारलं, "पक्कं ना? नेटला पैसे पडतील." मी लिहिलं, "पक्कं."

त्या "पक्कं"बद्दलच मला लिहायचं आहे.

आमचं निमोणे शिरूर तालुक्यात, घोड धरणाच्या पट्ट्यात. ऊस आणि कांदा ही इथली जुनी पिकं. गेल्या काही वर्षांत वीस-वीस गुंठ्यांची शेडनेट उभी राहिली आणि ढोबळी आली. आम्ही अकरा जण एकत्र माल देतो. तोडा झाला की प्रत्येक जण फोटो पाठवतो. मी ते बघून ठरवतो, हा एक नंबर, हा दोन नंबर, हा बदला. पुण्यातल्या व्यापाऱ्याला आकडा कळवतो आणि रात्री गाडी निघते. रोज अकरा शेतांत फिरणं कुणालाच जमणार नव्हतं, म्हणून फोटोची पद्धत पडली. निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण आधी पाच-सहा वर्षं मी नारायणगावच्या बाजारात टोमॅटो निवडले होते. त्या नजरेवर माझा भरवसा होता, इतरांचाही होता.

उन्हाचा चटका म्हणजे काय हे मला माहीत होतं. पानाच्या सावलीत वाढलेलं फळ अचानक उघडं पडतं. कोळी किंवा फुलकिड्याने पानं आखडली, गळली, किंवा वजनाने फांदी लवून फळ बाहेर आलं, की उन्हाकडची बाजू तापते. आधी ती जागा मऊ पडते, फिकट होते, मग आत बसते आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी वाळते. पिकून लाल झालेल्या फळापेक्षा पूर्ण भरलेल्या हिरव्या फळाला हे जास्त बाधतं. एप्रिल होता, फळं हिरवी होती, चट्टे पांढरे होते. सगळं जुळत होतं.

नानांनी नेट आणलं. आधीच्या पन्नास टक्के सावलीवर दुसरी सावली आली. आठ-दहा दिवसांत डाग थोडे कमी झाले आणि मला खात्री पटली की आपलं बरोबर होतं. मग मेच्या पहिल्या आठवड्यात एका तोड्याला डाग एकदम वाढले, आधीपेक्षाही जास्त. शिवाय नानांनी नवं सांगितलं, "फुलं गळायला लागलीत रं." ते होणारच होतं. उजेड फार कमी झाला की ढोबळी फूल टिकवत नाही. म्हणजे डाग राहिलेच, आणि पुढच्या महिन्याचा माल मी माझ्या हाताने कमी करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांच्या शेडमध्ये गेलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा. तीन सऱ्या फिरून झाल्यावर एका झाडाच्या पोटातलं, चारी बाजूंनी पानांनी झाकलेलं फळ हातात आलं. त्याला कवडसाही लागला नसता. फळ उलटं केलं. टोकाकडे, जिथे कधीकाळी फूल चिकटलेलं होतं त्याच्या थोडं वर, एका बाजूला तसाच फिकट, खोलगट चट्टा. कडा मात्र रेघ मारल्यासारखी स्पष्ट होती आणि अंगठ्याला चामड्यासारखं लागत होतं.

पुस्तकात याला ब्लॉसम एंड रॉट म्हणतात. आमच्याकडे कुणी "कॅल्शियमचा डाग" म्हणतं, कुणी नुसतं "टोक सडलं". टोमॅटोत मी तो हजारदा पाहिला होता. टोमॅटोत तो बरोबर टोकावर, गोल आणि काळपट येतो. चुकायचं काम नाही. ढोबळीत तो पुष्कळदा टोक सोडून टोकाजवळच्या बाजूवर येतो, आणि बराच काळ काळा न होता फिकट तपकिरी, पांढरट राहतो. म्हणून तो उन्हाच्या चट्ट्यासारखाच दिसतो. मी टोमॅटोच्या नजरेने ढोबळी बघत होतो. टोकावर काळं दिसलं नाही, म्हणजे टोकाची सड नाही, इतका सरळ हिशेब मी केला होता. काळेपणाचाही भरवसा नाही हे नंतर कळलं. चट्टा उन्हाचा असो की कॅल्शियमचा, मेलेल्या सालीवर काळी बुरशी नंतर चढतेच. ती दिसली म्हणून आधी काय झालं होतं ते समजत नाही.

दोन्ही डागांनी फळ बदलाच होतं. मग फरक कशासाठी, असं कुणी विचारेल. दर ठरवण्यापुरता फरक नाहीच. पण आमच्या ग्रुपवर दर ठरला की लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग करू काय?" त्याचं उत्तर दोन्हींत वेगळं आहे. चटक्याला सावली आणि पानोळा राखणं. टोकाच्या सडीला पाणी.

नानांची जमीन चुनखडीची, कॅल्शियम हवं तेवढं. ते फळापर्यंत पोचत नव्हतं. कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबर वर चढतं. पानं दिवसभर पाणी हवेत टाकत असतात, म्हणून ओढ पानांकडे. फळाची साल मेणचट, तिच्यातून पाणी फारसं उडत नाही, म्हणून फळाच्या वाट्याला थोडंच येतं, आणि देठापासून सगळ्यांत लांबच्या भागाला त्याहून थोडं. फळ झपाट्याने फुगत असताना पाण्यात खंड पडला की त्या भागातल्या पेशी कोसळतात. पानावर कॅल्शियम फवारून उपयोग फारसा होत नाही, कारण पानात गेलेलं कॅल्शियम तिथून फळात उतरत नाही. नानांनी दोन फवारण्या केल्या होत्या. त्याही मीच सुचवल्या होत्या, "असू द्या सोबत" म्हणून.

पाण्यात खंड पडला होता का, असं विचारलं तर नाना म्हणाले, "ठिबक रोज चालू असतं." पण काकूंनी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून आणलं. त्यावर त्या दुधाचे लिटर लिहितात, आणि त्याच चौकटीत बारीक अक्षरात "लाईट नाही", "मोटार रात्री" असंही. आमच्याकडे मोटारीला थ्री फेज लाईट कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला वाफे भिजले की नाही ते बघायला कुणी जात नाही, कारण शिरूर तालुक्यात बिबट्या उसातून कधी समोर येईल सांगता येत नाही. नळी निसटली, फिल्टर तुंबला, तरी सकाळीच कळतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तीन चौकटींत "लाईट नाही" होतं आणि चौथ्या दिवशी "दिवसभर मोटार". म्हणजे तीन दिवस कोरडं आणि मग एकदम तुडुंब.

मी तारखा मोजल्या. डाग मला दिसला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि पाणी तुटलं होतं त्याच्या दोन आठवडे आधी, ती फळं लिंबापासून पेरूएवढी होत असताना. फोटोत दिसणारा डाग त्या दिवसाचा नसतोच. मी आदल्या दिवशीच्या उन्हाकडे बघून निदान केलं होतं. दुसऱ्या नेटने डाग थोडे का कमी झाले तेही उलगडलं. सावलीने पानांची पाण्याची ओढ कमी झाली, तेवढंच. मूळ खंड तसाच होता. एप्रिलच्या मध्याला पुन्हा दोन दिवस लाईट नव्हती, ते मेच्या तोड्यात उतरलं.

एवढं समजूनही मला स्वतःवर भरवसा उरला नव्हता. झाकलेलं एक फळ बघून मी आता उलट्या बाजूला तर कलंडत नाही ना? म्हणून नानांच्या परवानगीने एक साधी गोष्ट केली. लिंबाएवढी साठ फळं निवडली, वीस पश्चिमेच्या कडेची, चाळीस आतल्या सऱ्यांमधली. प्रत्येकाच्या उन्हाकडच्या बाजूला न पुसणाऱ्या मार्करने उभी रेघ ओढली. फळ वाढताना लवतं आणि वळतं, म्हणून दर चौथ्या दिवशी जाऊन, वळलेल्या फळावर उन्हाकडे नवी रेघ आणि जुनीवर फुली. तीन आठवड्यांहून जास्त हे चाललं.

साठांपैकी सतरा फळांवर डाग आला. चारांवर तो रेघेवरच, खांद्याकडे किंवा मधल्या फुगाऱ्यावर होता, आणि ती चारही फळं पश्चिमेच्या कडेची. उरलेल्या तेरांवर डागाचा रेघेशी संबंध नव्हता. तो टोकाजवळ होता, कधी जमिनीकडे, कधी झाडाच्या खोडाकडे. म्हणजे चटका होता, पण थोडा, आणि कडेच्या झाडांपुरता. तिथे एक उभा पडदा पुरला असता. वीस गुंठ्यांवर नेट घालायचं कारण नव्हतं.

त्याच तेरांत माझी एक जुनी चूकही सापडली. त्यांतली पाच फळं वेळेआधी रंगायला लागली होती, टोकाकडे चॉकलेटी झाक आली होती. टोकाची सड लागलेलं फळ लवकर रंग धरतं. वर्षभर मी असा फोटो आला की "तयार झालंय, तोडा" असं सांगत आलो होतो. फळ तयार झालेलं नसायचं, ते आजारी असायचं.

तयार फळाबद्दलचा माझा मोठा गोंधळ त्याआधीचा, रंगीत ढोबळीच्या पहिल्या हंगामातला. टोमॅटो हिरवा भरला की तोडला तरी वाटेत पिकतो, नारायणगावचा सगळा बाजार त्यावर चालतो. मी तोच नियम लाल ढोबळीला लावला. एका शेतकऱ्याच्या फोटोत फळांवर लाल पट्टा दिसला आणि मी व्यापाऱ्याला सांगितलं, "दोन दिवसांत पूर्ण लाल होईल." ढोबळीचं तसं नाही. निम्म्याच्या वर रंग आलेलं फळ तोडल्यावर पुढे रंगतं. पूर्ण हिरवं तोडलेलं हिरवंच सुकतं, आणि नुसता पट्टा आलेलं अर्धवट राहतं. फोटोत पट्ट्याची बाजू कॅमेऱ्याकडे होती. मागची बाजू हिरवीगार होती, आणि ती दाखवा असं मी म्हटलंच नव्हतं. बावीस क्रेट दोन नंबरने गेले. तो फरक त्या माणसाने सोसला, मी नव्हे, हे मला आजही बोचतं.

हिरव्या ढोबळीत रंगाचाही आधार नसतो. कोवळं फळ फोटोत भरलेल्याएवढंच मोठं आणि हिरवं दिसतं. भरलेलं फळ अंगठ्याने दाबलं तर दबत नाही, साल तकतकीत आणि घट्ट असते. कोवळ्याची भिंत पातळ, दाबली की आत जाते, आणि पुण्यात पोचेपर्यंत देठाजवळ सुरकुत्या पडतात. अंगठ्याला जे कळतं ते फोटोत नाही. पहिले सहा महिने मी आकार बघून तोड्याला होकार देत राहिलो आणि सुरकुतलेल्या मालाचं खापर गाडीच्या उशिरावर फोडत राहिलो. आता तोड्याआधी एक फळ आडवं कापून पट्टीशेजारी ठेवून फोटो मागतो. भिंत साधारण पाच मिलिमीटर भरली आणि बी दुधी-पांढरं मऊ न राहता टणक, पिवळसर झालं, तर होकार.

फोटोने नसलेला डागही मला दाखवला आहे. ढोबळीची साल इतकी तकतकीत की दिव्याचा किंवा आभाळाचा उजेड तिच्यावर पांढरा चट्टा होऊन बसतो. लहान फोटोत तो हुबेहूब उन्हाच्या चटक्यासारखा. गोठ्यातल्या बल्बखाली काढलेल्या एका फोटोवरून मी चांगला माल दोन नंबरला टाकला. शेतकऱ्याने ऐकलं, वाद घातला नाही. नंतर गाडीवर क्रेट चढवताना मीच बघितलं तर फळं स्वच्छ. याला उपाय सोपा निघाला. फळ जागेवरच थोडं फिरवून दुसरा फोटो काढायचा. उजेडाचा चट्टा होता तिथेच राहतो, खरा डाग फळाबरोबर फिरतो.

बारीक हिरव्या मिरचीत गोंधळ आणखी वेगळा. तिच्यावर पांढुरका वाळका पट्टा दिसला की मी सवयीने ऊन म्हणायचो. पण त्या पट्ट्यात काळ्या ठिपक्यांची वर्तुळं असतील तर ती फळकुज, बुरशीचा रोग. ती क्रेटमध्येही वाढत जाते. ते ठिपके दिसायला फोटो एका मिरचीचा आणि जवळून लागतो. ओंजळभर मिरच्यांच्या फोटोवरून मी आता मत देत नाही.

हल्ली आमच्याकडे फोटो असे येतात. शेडच्या आत काढायचे नाहीत, कारण हिरव्या नेटखाली फोन रंग स्वतःच सावरून घेतो आणि चॉकलेटी फळ कधी लालसर, कधी हिरवं दाखवतो. ओसरीवर, सावलीत, पांढऱ्या कागदावर. क्रेटच्या वरच्या थरातून नव्हे तर तळातून आणि मधून मिळून वीस फळं काढायची. डाग असेल त्या फळाचे तीन फोटो: देठाकडून, टोकाकडून, आणि डाग समोर धरून, पण देठ वर ठेवून. देठ वर असला की डाग खांद्याकडे आहे की टोकाकडे हे बघता क्षणी कळतं. सोबत दोन शब्द लिहायचे: कडेचं झाड की आतलं, फळ उघडं होतं की झाकलेलं. शेवटचे हे दोन शब्द मला फोटोइतकेच लागतात. ते आले नाहीत तर मी निदान सांगत नाही, फक्त नंबर सांगतो.

तरी काही फोटोंपुढे हात टेकावे लागतात. आतून काळवंडलेलं फळ बाहेरून गुळगुळीत असतं. खांदा आणि टोक यांच्या बरोबर मध्ये आलेला डाग कशाचा ते मला अजूनही फोटोवरून ठरवता येत नाही. अशा वेळी "येतो" एवढंच लिहितो आणि सकाळी गाडी काढतो.

नानांचं दुसरं नेट मेमध्येच उतरवलं. त्याचे पैसे देऊ लागलो तर नाना घेईनात. "तू काय मुद्दाम केलंस का," म्हणाले. काकूंनी मात्र निम्मे घेतले आणि कॅलेंडरवर तारखेत मांडले. मला ते बरं वाटलं. त्या पैशांतून त्यांनी पश्चिमेला उभा पडदा लावला, आणि शेडशेजारी पाण्याची टाकी चढवली. लाईट नसली तरी दोन दिवस थोडं थोडं पाणी त्या उंचीने उतरतं.

मागच्या आठवड्यात काकूंचा फोटो आला. ओसरी, पांढरा कागद, देठ वर. टोकाजवळ वालाच्या दाण्याएवढा फिकट डाग. खाली लिहिलेलं, "आतलं झाड, झाकलेलं." मी विचारलं, "काकू, तीन आठवड्यांमागे काय लिहिलंय?" थोड्या वेळाने कॅलेंडरचा फोटो आला. दोन चौकटींत दुधाच्या आकड्याखाली एकच शब्द होता: "टाकी गळती."